अनुदानाचा करार आणि देखरेखीचा तक्ता

अनुदान करार हा एकच दस्तऐवज दिसत असला तरी तो बहुधा तीन हातांनी लिहिलेला असतो. मुख्य कलमे वकिलाने लिहिलेली असतात, कामाचा तपशील संस्थेच्या मूळ प्रस्तावातून उचललेला असतो आणि अंदाजपत्रकाचा तक्ता हिशेब पाहणाऱ्या माणसाने वाटाघाटीत काटछाट करून बसवलेला असतो. हे तिन्ही भाग एका फाइलमध्ये शिवले जातात, पण एकमेकांशी ताडून पाहिले जातातच असे नाही. संस्थेला प्रत्यक्षात काय, किती, कधीपर्यंत आणि कोणत्या पैशांतून करायचे आहे, याचे उत्तर कुठल्याही एका पानावर मिळत नाही. हे उत्तर एका ठिकाणी आणण्याच्या कामाला संनियंत्रण आराखडा तयार करणे म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्याला देखरेखीचा तक्ता किंवा नुसता ‘मॉनिटरिंग प्लॅन’ म्हटले जाते.

महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांना असे करार आज मुख्यतः कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, करावे लागतात. कंपनी कायदा 2013 चे कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झाले आणि त्यानंतर पाणलोट, शाळा, आरोग्य अशा कामांसाठी कंपनी व संस्था यांच्यात करार होऊ लागले. पुढे विचारात घेतलेला करार नमुन्यादाखल रचलेला आहे. त्यातली कलमे आणि अडचणी मात्र या प्रकारच्या करारांत नेहमी आढळणाऱ्या आहेत.

पर्जन्यछायेतल्या एका तालुक्यातील तीन गावांत दोन वर्षांत 12 सिमेंट नालाबांध बांधायचे, शेतांची बांधबंदिस्ती करायची, शेतकऱ्यांची 12 प्रशिक्षणे घ्यायची आणि विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत राहायची, असे काम. एकूण अनुदान 60 लाख रुपये. नालाबांधांना प्रत्येकी 3 लाखांप्रमाणे 36 लाख, 120 हेक्टर बांधबंदिस्तीला हेक्टरी 10 हजारांप्रमाणे 12 लाख, प्रकल्प समन्वयकाचे 24 महिन्यांचे मानधन 6 लाख, प्रशिक्षणांना 1 लाख 80 हजार, पातळी मोजणी व देखरेखीला 1 लाख 20 हजार आणि संस्थेच्या प्रशासकीय खर्चाला 3 लाख. पैसे चार हप्त्यांत मिळणार: 24, 18, 12 आणि 6 लाख.

तक्ता करायला बसणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे करार दोनदा वाचणे, आणि दोन्ही वेळा वेगळ्या कारणासाठी. पहिल्या वाचनात काहीही लिहून घ्यायचे नसते. करारात किती भाग आहेत, कोणते परिशिष्ट कशाचे आहे आणि भागांमध्ये विसंगती आढळली तर कोणता भाग वरचढ ठरेल हे सांगणारे कलम कुठे आहे, एवढेच पाहायचे असते. हे अग्रक्रमाचे कलम बहुतेक करारांत शेवटच्या दोन-तीन पानांत, ‘संकीर्ण’ या शीर्षकाखाली असते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक बंधन टिपायचे. करार बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यातली बंधने काही ठराविक शब्दांमागे असतात: ‘शॅल’, ‘विदिन’, ‘नॉट लेटर दॅन’, ‘सब्जेक्ट टू’, ‘प्रायर रिटन कन्सेंट’. या शब्दांवर रंगीत पेन फिरवत गेले की साधारण वीस पानांच्या करारातून सहज तीस-चाळीस बंधने निघतात. त्यांतली निम्मी तरी कामाच्या परिशिष्टाबाहेरची असतात. फलकावर कंपनीचे नाव किती दिवसांत लावायचे, अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवायचे की नाही, समन्वयक बदलला तर कळवायचे की परवानगी घ्यायची, असल्या गोष्टी कामाच्या वेळापत्रकात कधीच दिसत नाहीत, आणि हप्ता अडतो तो पुष्कळदा त्यांच्यापायीच.

टिपलेले प्रत्येक बंधन तक्त्यात स्वतंत्र ओळ होते. या ओळीत सर्वांत आधी कलमाचा क्रमांक आणि पान येते, त्यानंतर करारातले शब्द जसेच्या तसे, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात संस्थेने लावलेला अर्थ. शब्द आणि अर्थ हे दोन रकाने वेगळे ठेवण्यात आळस करू नये. वर्षभराने समन्वयक बदलतो, कंपनीचा अधिकारीही बदलतो आणि मग ‘आपलं असं ठरलं होतं’ या वाक्याला काही आधार उरत नाही. मूळ शब्द समोर असले की वाद कलमाच्या अर्थावर होतो, कोणाच्या आठवणीवर होत नाही. पुढचे रकाने मुदत, परिमाण व एकक, खर्चशीर्ष, पुरावा आणि जबाबदार व्यक्ती यांचे.

ओळी भरताना दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधीच टाळलेली बरी. टप्पा म्हणजे काम अमुक अवस्थेला पोचल्याची खूण: ‘सहाव्या महिन्याअखेर 4 नालाबांध पूर्ण’. डिलिव्हरेबल म्हणजे देणगीदाराच्या हातात प्रत्यक्ष द्यायची वस्तू: पायाभूत पाहणीचा अहवाल, विहिरींच्या नोंदींची वही, बांध ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिल्याचे पत्र. टप्पा गाठला म्हणजे डिलिव्हरेबल दिले असे होत नाही. बांध उभा आहे, पाणी अडले आहे, गावकरी खूश आहेत, आणि ताबापत्रावर सरपंचाची सही राहिली आहे, अशा स्थितीत करारानुसार ती ओळ उघडीच राहते. म्हणून एका टप्प्याशी जोडलेली सगळी डिलिव्हरेबल्स त्याच्याखाली लिहावी लागतात आणि प्रत्येकाची मुदत स्वतंत्र धरावी लागते.

मुदतीच्या रकान्यातच सर्वाधिक चुका होतात. नमुन्याच्या करारावर सह्या झाल्या 18 जून 2024 रोजी, करार अमलात आल्याची तारीख लिहिली आहे 1 जुलै, आणि पहिला हप्ता खात्यात जमा झाला 9 जुलैला. करारातल्या व्याख्येनुसार प्रकल्पाचा पहिला दिवस हा पहिला हप्ता जमा झाल्याचा दिवस. म्हणजे ‘सहाव्या महिन्याअखेर’ याचा अर्थ डिसेंबरअखेर असा होत नाही, तो 8 जानेवारी 2025 असा होतो. तिमाही अहवाल मात्र त्याच करारात कॅलेंडरच्या तिमाहीनुसार मागितला आहे, आणि खर्चाचा हिशेब आर्थिक वर्षानुसार. एका करारात तीन दिनदर्शिका चालू असतात. त्यामुळे तक्त्यात नुसती तारीख लिहून भागत नाही. ती कोणत्या नियमाने आली हेही लिहावे लागते, म्हणजे हप्ता उशिरा आला तर सगळ्या तारखा आपोआप सरकतात. स्प्रेडशीटमध्ये B2 या घरात पहिल्या हप्त्याची तारीख ठेवली, तर सहाव्या महिन्याचा शेवटचा दिवस असा निघतो:

```
=EDATE(B2,6)-1
```

तारीख निघाली की ती हंगामावर ठेवून पाहायची. कागदावर ठीक दिसणारा टप्पा जमिनीवर बसतो की नाही, ते इथेच कळते. 9 जुलैला सुरू झालेल्या सहा महिन्यांतले जवळजवळ तीन महिने पावसाचे आहेत. नाल्यात पाणी वाहत असताना पाया खणता येत नाही आणि परतीचा पाऊस चांगला झाला तर प्रवाह नोव्हेंबरपर्यंत टिकतो. त्यातच करारात ‘पूर्ण’ या शब्दाची व्याख्या अशी आहे की काँक्रीटच्या ठोकळ्यांची 28 दिवसांची ताकद चाचणी झाल्यावर अभियंता पूर्णत्वाचा दाखला देईल, आणि त्या दिवशी बांध पूर्ण झाला असे धरले जाईल. 8 जानेवारीतून 28 दिवस मागे गेले की 11 डिसेंबर येते. चौथ्या बांधाचे शेवटचे काँक्रीट या तारखेपर्यंत पडले पाहिजे. नोव्हेंबरच्या मध्यावर पाया खणायला सुरुवात झाली, तर चार बांधांसाठी जेमतेम चार आठवडे हातात राहतात. एकाच मिस्त्रीच्या टोळीला हे जमणार नाही. दोन ठिकाणी एकदम काम लावावे लागेल. ही गोष्ट जुलैत कळली तर टोळ्या ठरवता येतात, किंवा टप्प्याची मुदत फेब्रुवारीपर्यंत वाढवून मागता येते. डिसेंबरात कळली तर फक्त दिलगिरीचे पत्र लिहिता येते.

याहूनही जास्त चुकवणारी ओळ विहिरींच्या पातळीची आहे. परिशिष्टात दुसऱ्या महिन्याअखेर पायाभूत अहवाल मागितला आहे आणि त्यात ‘पावसाळ्यापूर्वीची भूजल पातळी’ द्यायची आहे. पावसाळ्यापूर्वीची पातळी मे महिन्यात मोजतात. प्रकल्पाचा पहिला दिवस जुलैत उजाडल्यामुळे 2024 चा मे निघून गेला. पुढचा मे येईपर्यंत चार बांध उभे राहिलेले असतील, म्हणजे तेव्हाच्या मोजणीला ‘प्रकल्पाआधीची’ म्हणता येणार नाही. प्रकल्पामुळे पाणी वाढले की नाही हे दोन वर्षांनी ज्या आकड्याशी ताडून सांगायचे, तो आकडाच नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगावी आहेत आणि त्यांच्या नोंदी पावसाळ्यापूर्वी व नंतरही घेतल्या जातात. त्यांपैकी एखादी विहीर याच पाणलोटात असेल तर मे 2024 ची तिची नोंद पायाभूत म्हणून वापरायची, आणि तसे करीत असल्याचे कंपनीला पहिल्याच महिन्यात लेखी कळवून संमती घ्यायची. विहीर शेजारच्या पाणलोटातली असेल तर ही पळवाट उपयोगी पडत नाही. तेव्हा ऑक्टोबरची पातळी आणि शेतकऱ्यांनी सांगितलेला विहिरी आटण्याचा महिना, एवढ्यावर भागवावे लागते आणि अहवालात ती मर्यादा उघडपणे नोंदवावी लागते.

आता परिमाणे. अंदाजपत्रकात बांधबंदिस्ती 120 हेक्टर आहे. कामाच्या परिशिष्टात मात्र तीच 150 हेक्टर लिहिलेली सापडते. कारण सरळ आहे: मूळ प्रस्ताव 63 लाखांचा होता, वाटाघाटीत 3 लाख कापले गेले, तेवढ्या पैशांची 30 हेक्टर बांधबंदिस्ती अंदाजपत्रकातून वजा झाली आणि कामाचा तपशील दुरुस्त करायचा राहून गेला. पैसे कमी होतात आणि काम तेवढेच राहते, ही विसंगती अनुदान करारांत फार आढळते आणि ती संस्थेलाच महागात पडते. अग्रक्रमाचे कलम जर कामाच्या परिशिष्टाला वरचढ ठरवत असेल, तर 12 लाखांत 150 हेक्टर करण्याचे बंधन संस्थेवर येते. हेक्टरी दर 10 हजारांवरून 8 हजारांवर उतरतो. तक्त्यात अशी ओळ भरताना दोन्ही आकडे लिहायचे आणि शेजारी ‘विसंगत’ असा शेरा मारायचा. मग कंपनीला एक छोटे पत्र: कलम अमुक, परिशिष्ट अमुक, 120 हेक्टर हाच आकडा ग्राह्य धरावा. सह्या होऊन महिना झालेला असताना हे पत्र दुरुस्ती म्हणून सहज स्वीकारले जाते. वर्षानंतर तेच पत्र काम कमी करण्याची विनंती वाटू लागते.

अशा विसंगती शोधायची रीत कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीतले नग, दर आणि एकूण रक्कम पुन्हा गुणून पाहायची. शीर्षांची बेरीज मुख्य कलमातल्या रकमेशी जुळवायची. अंकातली रक्कम अक्षरी रकमेशी जुळवायची. हप्त्यांची बेरीज एकूण अनुदानाइतकी येते का ते पाहायचे. शेवटी अंदाजपत्रकातले नग कामाच्या परिशिष्टातल्या नगांशी ताडायचे. अंदाजपत्रकात पैसे आहेत पण परिशिष्टात काम नाही, किंवा काम आहे पण त्याला पैसे नाहीत, अशी प्रत्येक ओळ बाजूला काढायची. नमुन्याच्या करारात ताबापत्रासाठी ग्रामसभेचा ठराव आणि बांधावर फलक मागितला आहे. फलकाला खर्चशीर्षच नाही. बारा फलकांचा खर्च फार नसतो, पण तो ‘प्रशासकीय’ मध्ये टाकायचा की बांधाच्या 3 लाखांत बसवायचा हे आधी ठरले नाही, तर लेखापरीक्षणात तो नामंजूर होऊ शकतो.

प्रशासकीय खर्चाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेला या शीर्षाखाली किती मिळणार, हे करारात लिहिलेले असते आणि तेच तिला बांधील असते. नमुन्याच्या करारात तो आकडा 60 लाखांचे पाच टक्के, म्हणजे 3 लाख आहे, हे खरे. पण तो करारातून आला आहे. परदेशी देणगी असेल तर विदेशी अंशदान कायद्याची मर्यादा लागते, 2020 च्या दुरुस्तीनंतर ती 20 टक्के आहे. सरकारी अनुदानाला आणखी वेगळे नियम लागतात. तिथे उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना वित्तीय नियमावलीतच ठरवून दिलेला असतो. एका देणगीदाराच्या करारासाठी केलेला तक्ता दुसऱ्यासाठी जसाच्या तसा वापरता येत नाही, तो यामुळे.

आकडे आणि टप्पे वेगवेगळ्या पानांवर असतात तोवर एक अडचण दिसतच नाही. दोन्ही एका ओळीत आले की ती लख्ख दिसते. दुसऱ्या हप्त्याच्या दोन अटी आहेत: पहिल्या टप्प्यातली कामे पूर्ण झालेली असणे, आणि पहिल्या हप्त्याच्या किमान 80 टक्के रक्कम खर्च झालेली असणे. 24 लाखांचे 80 टक्के म्हणजे 19 लाख 20 हजार. आता पहिल्या सहा महिन्यांची ठरलेली कामे खर्चात मांडून पाहू. चार बांध 12 लाख, 30 हेक्टर बांधबंदिस्ती 3 लाख, तीन प्रशिक्षणे 45 हजार, सहा महिन्यांचे मानधन दीड लाख, मोजणी व देखरेख 30 हजार, प्रशासकीय 75 हजार. बेरीज 18 लाख. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या 75 टक्के. सगळी कामे वेळेत आणि ठरल्या दरात झाली, तरी दुसऱ्या हप्त्याची अट पूर्ण होत नाही. 1 लाख 20 हजार रुपये कमी पडतात. जी संस्था काटकसरीने काम करील तिचा फरक आणखी वाढेल. या अटीत अन्याय आहे असे वाटणे साहजिक आहे, पण कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्येक कामाचा खर्च नव्हता. तो मांडून दाखवणे हे तक्ता करणाऱ्याचे काम.

यातून वाटा दोनच. पहिली म्हणजे पहिल्या सहामाहीत 30 ऐवजी 42 हेक्टर बांधबंदिस्ती करायची. जादा 12 हेक्टरचे बरोबर 1 लाख 20 हजार होतात. पण बांधबंदिस्ती रिकाम्या शेतातच होते. बाजरी किंवा सोयाबीन निघालेली आणि रब्बीचा पेरा न झालेली तेवढी जमीन नोव्हेंबर-डिसेंबरात मिळाली पाहिजे. ज्या गावांत रब्बी ज्वारी असते तिथे बहुतेक शेते उन्हाळ्यापर्यंत गुंतलेली असतात, म्हणून शेतकऱ्यांची यादी आणि सातबाऱ्यावरचे गट क्रमांक पाहिल्याशिवाय हा आकडा तक्त्यात घालू नये. दुसरी वाट म्हणजे 80 च्या जागी 75 टक्के करून घेणे. ही दुरुस्ती पहिल्या महिन्यात, तक्ता पुढे ठेवून मागितली तर कंपनीकडून सहसा नकार येत नाही, कारण हप्ता अडकणे तिलाही नको असते.

कंपनीला ते का नको असते, हे समजून घेतले की आणखी एक ओळ तक्त्यात येते. जानेवारी 2021 मधल्या नियम-दुरुस्तीनंतर कंपनीच्या वित्त प्रमुखाला असे प्रमाणित करावे लागते की सीएसआरसाठी दिलेले पैसे मंजूर कारणासाठी आणि मंजूर रीतीने वापरले गेले. बहुवर्षीय प्रकल्पातला त्या वर्षीचा अखर्चित पैसा आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात टाकावा लागतो. म्हणजे कंपनीला 31 मार्चपर्यंत खर्च किती झाला हे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हवे असते. संस्थेच्या प्रकल्प-महिन्यांच्या हिशेबात 31 मार्च ही तारीख कुठेच येत नाही. ती नवव्या महिन्यात अधेमधे पडते. करारात ती ‘कंपनी मागेल तेव्हा उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे’ अशा सैल वाक्यात दडलेली असते. तक्त्यात तिला स्वतःची ओळ आणि सनदी लेखापालाला आधी कळवण्याची तारीख द्यावी लागते, कारण एप्रिलमध्ये लेखापालाकडे सगळ्यांचीच गर्दी असते.

हप्त्याच्या ओळीला तारखा जोडल्या की रोखीची स्थितीही उघड होते. टप्पा 8 जानेवारीला पूर्ण, अहवाल 15 दिवसांत म्हणजे 23 जानेवारीला, कंपनीच्या तज्ज्ञाची पाहणी त्यानंतर 21 दिवसांत म्हणजे 13 फेब्रुवारीपर्यंत, आणि पैसे त्यानंतर 15 दिवसांत, 28 फेब्रुवारीला. सगळे वेळेवर झाले तरी 51 दिवस नवा पैसा येणार नाही. हातात शिल्लक 4 लाख 80 हजार, आणि बांधकामाचा सर्वांत चांगला हंगाम नेमका हाच. या पैशांत समन्वयकाचे मानधन सांभाळून एकच बांध सुरक्षितपणे घेता येतो. दुसरा सुरू केला तर मध्येच सिमेंट उधारीवर आणावे लागेल. ठेकेदाराला ‘जानेवारीत तीन बांध देतो’ असे सांगण्याआधी ही ओळ पाहिलेली असावी. शेवटच्या हप्त्याची गोष्ट याहून कठीण आहे. तो 6 लाखांचा आहे आणि सर्व काम व अंतिम लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर मिळणार आहे. शेवटचे 6 लाख संस्थेला आधी स्वतःच्या गंगाजळीतून घालावे लागतील. जिच्याकडे तेवढी शिल्लक नाही, तिने सह्या करण्यापूर्वीच तिसरा हप्ता मोठा करून घ्यायला हवा होता.

खर्चशीर्षांमधल्या फेरफाराचे कलम छोटे असते आणि चुकीच्या अर्थाने वाचले जाते. ‘10 टक्क्यांपर्यंतचा फेरफार पूर्वपरवानगीशिवाय करता येईल’ असे वाक्य असेल, तर 10 टक्के कशाचे हा प्रश्न राहतो. एकूण अनुदानाचे धरले तर 6 लाख होतात, प्रशिक्षणाच्या शीर्षाचे धरले तर 18 हजार. करार गप्प असेल तर लहान आकडा धरावा आणि तक्त्यात प्रत्येक शीर्षासमोर तो रुपयांत लिहून ठेवावा. टक्केवारी लिहिली की कोणी पाहत नाही. रुपये लिहिले की बिल मंजूर करणारा थांबतो. दरात कर धरला आहे का, हेही इथेच नोंदवावे. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्यामुळे नमुन्याच्या प्रकल्पातल्या दुसऱ्या हंगामाच्या बांधांवर थोडी बचत होऊ शकते. ती बचत फेरफाराच्या मर्यादेत राहूनच दुसरीकडे वळवता येते. बाकीची परत करावी लागते.

पुराव्याचा रकाना काम सुरू होण्याआधी भरायचा असतो, कारण काही पुरावे नंतर तयार करता येत नाहीत. बांध उभा राहिल्यावर नाल्याचा ‘आधीचा’ फोटो काढता येत नाही. पाया बुजल्यावर त्याची खोली मोजता येत नाही. एका नालाबांधाच्या ओळीत नेमके काय लिहिले जाते ते पाहू: जागा निश्चित झाल्याचा ग्रामसभेचा ठराव, एकाच ठिकाणाहून, अक्षांश-रेखांश उमटलेले, कामाआधीचे, पाया खणल्यावरचे आणि पूर्ण झाल्यावरचे फोटो, मोजमाप पुस्तिकेतल्या अभियंत्याच्या सहीच्या नोंदी, ठोकळ्यांच्या चाचणीचा अहवाल, बिले व बँकेतून दिलेल्या रकमेचा तपशील, आणि ताबापत्र. प्रत्येक पुराव्यासमोर माणसाचे नाव किंवा पद. ‘प्रकल्प टीम’ असे लिहिले की ती ओळ कोणाचीच राहत नाही.

तयार तक्ता खरा उतरला आहे का, याची कसोटी साधी आहे. ज्याने तक्ता केला नाही अशा सहकाऱ्याला करार द्यायचा, कोणतीही पाच कलमे निवडायला सांगायची आणि ती तक्त्यात सापडतात का पाहायचे. नंतर उलट: तक्त्यातल्या कोणत्याही पाच ओळी घेऊन त्या करारात दाखवायला सांगायचे. पहिल्या फेरीत कलम सापडले नाही तर काहीतरी सुटले आहे. दुसऱ्या फेरीत ओळीला कलम सापडले नाही तर कोणीतरी जुन्या प्रस्तावातून किंवा बैठकीतल्या बोलण्यातून बंधन स्वतःहून अंगावर ओढून घेतले आहे. हा दुसरा प्रकारही तितकाच खर्चिक ठरतो, कारण संस्था न मागितलेले अहवाल वर्षानुवर्षे लिहीत बसते.

करारात बदल झाला की तक्ता बदलतो, पण जुनी ओळ पुसायची नाही. जुन्या ओळीवर दुरुस्ती-पत्राचा क्रमांक व तारीख घालून ती बंद करायची आणि खाली नवी लिहायची. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर ‘चालेल, पुढच्या महिन्यात द्या’ म्हटले, तर ती दुरुस्ती होत नाही. त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार’ असा ई-मेल पाठवून उत्तर मिळाल्यावरच तारीख हलवावी. तोवर मूळ तारीख तशीच ठेवून शेजारी ‘मंजुरी बाकी’ लिहावे. ज्या करारात दुरुस्ती दोन्ही बाजूंच्या सहीनेच होईल असे कलम असते, तिथे ई-मेलही पुरत नाही.

शेवटच्या काही ओळी प्रकल्प संपल्यानंतरच्या असतात आणि समन्वयकाचे मानधन थांबलेले असल्यामुळे त्या कोणाकडे द्यायच्या हे आधीच ठरवावे लागते. नमुन्याचा प्रकल्प 8 जुलै 2026 रोजी संपतो. त्यानंतर 60 दिवसांत, म्हणजे 6 सप्टेंबरपर्यंत, अंतिम अहवाल व लेखापरीक्षित हिशेब द्यायचा आहे. न वापरलेली रक्कम आणि खात्यावर मिळालेले व्याज त्याच मुदतीत परत करायचे आहे. बांधांची दुरुस्ती दोन वर्षे संस्थेकडे आहे आणि तिला खर्चशीर्ष नाही, त्यामुळे ती ग्रामपंचायतीच्या निधीतून होईल असे ताबापत्रातच लिहून घ्यायचे. बिले, मोजमाप पुस्तिका आणि पातळीच्या नोंदी आठ वर्षे जपायच्या आहेत. ही जबाबदारी तक्त्यात व्यक्तीच्या नावावर न टाकता संस्थेच्या सचिवपदावर टाकलेली असते आणि तिच्यासमोरची तारीख 8 जुलै 2034 आहे.